संपाचे महिने कोणत्या काळात लिहायचे?

माझी पहिली कादंबरी १९८२च्या गिरणी संपावर आहे. लालबागमधली चाळ, त्यातली एक खोली, साच्यावर काम करणारा सखाराम, त्याची बायको आणि त्याला आबा म्हणणारी अकरा वर्षांची मुलगी कुसुम, एवढं सगळं ठरलं होतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ही गोष्ट सांगणार कोण, आणि ती घडून गेलेली म्हणून सांगायची की घडते आहे म्हणून?

लिहिणाऱ्या मित्रांना विचारलं तर जो तो आपल्या आवडीचं सांगायचा. 'मी'मध्ये लिही, वाचक लगेच आत येतो. वर्तमानकाळात लिही, सगळं ताजं वाटतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण हे सगळे सल्ले एखाद्या प्रसंगाकडे बघून दिलेले होते, आणि संप म्हणजे बहुतेक वेळ प्रसंग नसतोच. १८ जानेवारीला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. म्हणजे पुस्तकाचा मोठा भाग वाट बघण्याचा. म्हणून मी ठरवलं की प्रत्येक पर्याय दोन मजकुरांवर तपासायचा. एक प्रसंग: आई पितळी हंडा मोडीत घालायला नेते. आणि एक नुसतं सरून जाणं: मार्चपासून पावसाळ्यापर्यंतचे महिने. दोन्ही मिळून दोन-अडीच पानं. तीच पानं पुन्हा पुन्हा लिहायची आणि मोठ्याने वाचायची.

आधी 'मी' आणि भूतकाळ. कुसुम मोठी झाली आहे आणि आठवून सांगते आहे.

'आईने हंडा उपडा केला, पदराने पुसला आणि काखेत घेतला. तो परत येणार नाही हे तेव्हा मला कळलं नव्हतं.'

पहिलं वाक्य मुलीचं आहे आणि दुसरं चाळिशीतल्या बाईचं. आठवून सांगणाऱ्या 'मी'मध्ये ही दोन माणसं कायम असतात, आणि जवळीक कोणाशी होणार हे त्या दोघींमधल्या अंतरावर ठरतं. माझी मोठी कुसुम सारखी मध्ये बोलायला लागली. संपाचं पुढे काय झालं हे तिला माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक पानावर एक हळहळ यायची आणि मुलीची भूक, तिचा हट्ट, तिला वाटणारी हंड्याची लाज त्या हळहळीखाली दबून जायची. महिन्यांचा परिच्छेद मात्र या रूपात सुरेख उतरला. आठवणाऱ्या माणसाला चार महिने दोन ओळींत सांगायचा हक्कच असतो.

मग 'मी' आणि वर्तमानकाळ. इथे मोठी कुसुम आपोआप गप्प झाली.

'आई हंडा उपडा करते. मी विचारते, कुठे नेतेस? आई बोलत नाही. मी दाराशी जाते. मी जिना उतरते. मी तिच्या मागे जाते.'

पहिल्या तीन वाक्यांवर मी खूश होते. पुढच्या तीन वाक्यांत कानाला खटकायला लागलं. मराठीत वर्तमानकाळाचं क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, त्यामुळे कुसुम सांगते आहे तोवर वाक्याच्या शेवटी 'ते'च येणार. भूतकाळात तसं होत नाही. 'मी हंडा धरला, बादली ठेवली, झाकण लावलं' यात शेवट बदलत राहतो, कारण बोलले, प्याले अशी काही सोडली तर सकर्मक क्रियापदं तिथे कर्माच्या लिंगावर चालतात. म्हणजे आपल्या भूतकाळाला लय फुकट मिळते. वर्तमानकाळात ती कमवावी लागते: क्रियापद गाळून, वाक्य उलटं फिरवून, मध्ये संवाद टाकून.

दुसरी अडचण जास्त खोल होती. 'आई चहा करते' म्हणजे आत्ता करते की रोज करते? आपला साधा वर्तमानकाळ दोन्ही सांगतो, आणि संदर्भ नसेल तर कान आधी 'रोज'कडे झुकतो. प्रसंगात 'करतेय' लिहून निभावलं. पण महिन्यांच्या परिच्छेदात सगळंच विरघळलं. 'आबा गेटवर जातात, येतात, भिंतीला टेकून बसतात.' हा एक दिवस आहे की चार महिने, हे वाचणाऱ्याला कळेना. काळ पुढे नेण्यासाठी मग प्रत्येक तुकड्यावर महिन्याचं नाव घालावं लागलं. त्यात नाटकाच्या संहितेतल्या कंसातल्या सूचनाही आपल्याकडे याच काळात असतात, 'सखाराम प्रवेश करतो' छापाच्या. माझी पानं मधूनच तशी वाजायला लागली. तोंडी गोष्टीत 'बघतो तर काय' म्हणत आपण सहज वर्तमानात शिरतो, पण तिथे सांगणारा लगेच बाहेरही येतो. अख्खी कादंबरी त्या सुरात धरून ठेवणं वेगळं.

तिसरा पर्याय मी खरं तर नाइलाजाने घेतला. तृतीय पुरुष, भूतकाळ, पण कुसुमच्या खांद्याला चिकटून. मला तो जुनाट वाटायचा. पहिला मसुदा तसाच आला: 'आईने हंडा उपडा केलेला कुसुमला दिसला. आता पाणी कशात भरणार असा प्रश्न तिला पडला.' यात कुसुम काचेपलीकडे उभी आहे. मग पेन्सिल घेऊन 'तिला दिसलं', 'तिला वाटलं', 'तिच्या लक्षात आलं' हे सगळं खोडलं. उरलं ते असं:

'आईने हंडा उपडा केला. नळाला पाणी यायची वेळ झाली होती आणि आई हंडा उपडा करत होती. आता पाणी कशात भरायचं? बादली तर गळकी. आणि उद्या आबा पुन्हा सभेला जाणार, त्यांच्या आंघोळीचं काय?'

इथे 'कुसुमला' हा शब्द एकदाही नाही, तरी डोळे तिचेच आहेत. याला मराठीची मोठी मदत होते. आपण मनातलं बोलणं सांगताना त्याचा काळ बदलत नाही. कथन भूतकाळात असलं तरी 'उद्या आबा जाणार' हे 'उद्या'च राहतं आणि 'जाणार'च राहतं. त्यामुळे वर्तमानकाळाचा ताजेपणा विचारांतून मिळतो आणि घटनांना भूतकाळाची चाल राहते. 'मी'मध्ये जेवढी जवळीक मिळत होती त्याहून ही कमी नव्हती, उलट मुलीला शब्दांत मांडता न येणारं थोडंफार मला लिहिता येत होतं.

महिन्यांचा परिच्छेद तर इथे एकदम सुटला, कारण रीतिभूतकाळ हाताशी आला. 'आबा सकाळी गेटवर जायचे. अकराला परत यायचे, भिंतीला टेकून बसायचे. आई भाकरी मोजून थापायची.' चार-पाच वाक्यांत रोजचं रहाटगाडगं उभं राहतं, आणि मग 'एके दिवशी आबा परत आले नाहीत' असं साधं वाक्य आलं की गाडी गचका देऊन थांबते. वेग असा 'यायचे'वरून 'आले'वर येण्यातच बदलतो. हे हत्यार फार वेळ चालवायचं नाही एवढं पथ्य मात्र आहे. अर्ध्या पानाच्या पुढे 'यायचे, जायचे' गेलं की वाचणारा पान उलटतो. जुन्या आठवणींसाठीही असंच काहीसं ठेवलं: पहिल्या एक-दोन वाक्यांत 'आला होता, गेला होता', नंतर सरळ 'आला, गेला'. नाहीतर पानभर 'होता होता' होतं.

या पर्यायाची किंमतही आहे. अकरा वर्षांची मुलगी गेटवरच्या सभेत नसते, आणि सखारामला कर्ज कोण देतो हे तिला कळत नाही. म्हणून काही प्रकरणं सखारामच्या खांद्यावरून लिहावी लागली. आणि तिथे नजर घसरायला लागली. ती कुठे घसरली हे शोधायला मला आदरार्थी बहुवचनाचा उपयोग झाला. कुसुमच्या प्रकरणात 'आबा आले', 'मुकादमकाका बोलले'. सखारामच्या प्रकरणात 'सखाराम आला', 'मुकादम बोलला'. संपात फोडाफोडी सुरू झाल्यावर तर सखारामच्या मनात मुकादमाचा 'तो' आणखी कडवट होतो, पण कुसुमसाठी ते काकाच राहतात. एका परिच्छेदात 'आबा' आणि 'सखाराम' दोन्ही सापडले की समजायचं, आपण मुलीच्या खांद्यावरून उडी मारून छतावर जाऊन बसलो. अशा जागा मी संगणकावर नावं शोधून काढल्या. वाक्य वाचून त्या सापडत नाहीत, कारण वाक्य आपल्या जागी बरोबरच असतं.

बायकोच्या बाबतीत हे अजून नाजूक निघालं. सखारामच्या मनात तिचं नाव काय? तो तिला नावाने हाक मारत नाही, 'कुसुमची आई' म्हणतो. कथनात 'पार्वतीने' असं लिहिलं की तो निवेदक परका वाटायचा. शेवटी त्याच्या प्रकरणांत ती 'ती' आहे, आणि गरज पडेल तिथे 'कुसुमची आई'. हे एकदा बसल्यावर त्या प्रकरणांचा सूर लागला. तिच्या नजरेतून मी एकही प्रकरण लिहिलेलं नाही. ते असायला हवं होतं असं माझ्या एका मैत्रिणीचं ठाम मत आहे. माझं मत वेगळं आहे: घर चालवण्यासाठी तिने काय काय केलं हे सखाराम आणि कुसुम या दोघांनाही पुरतं माहीत नसणं मला हवं होतं.

वर्तमानकाळ पूर्ण सोडला नाही. सखाराम रात्रीच्या एसटीने पाटणकडच्या गावी निघतो ते प्रकरण त्यातच ठेवलं. एकच रात्र, एकच गाडी, खंबाटकीचा घाट, शेजारी झोपलेला माणूस. महिने पुढे न्यायचे नाहीत, त्यामुळे 'रोज की आत्ता' हा गोंधळ नाही. सखाराम बहुतेक वेळ नुसता बसलेला असल्याने 'तो'ची रांगही लागत नाही. क्रियापदं गाडीची, वाऱ्याची, कंडक्टरची. आणि पोचल्यावर भावाला काय सांगायचं हे त्याला शेवटच्या थांब्यापर्यंत सुचत नाही, ते त्या काळात खरं वाटतं, कारण सांगणाऱ्यालाही अजून ते माहीत नाही. मसुदा वाचणाऱ्या दोघांनी हे प्रकरण 'छोटं' म्हणून लक्षात ठेवलं. पानं मोजली तर ते त्याच्या आधीच्या प्रकरणापेक्षा मोठं आहे, आणि आधीच्या प्रकरणात अख्खा पावसाळा संपतो.