उभं राहून बरं वाटतं, की बसून?

“चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. एमआरआयमध्ये मणक्याची नळी अरुंद झाल्याचं आलंय. मग हे मणक्याचंच ना?”

तसं असेलच असं नाही. साठीनंतर ही नळी थोडीफार अरुंद झालेली बऱ्याच जणांत दिसते, काहीही त्रास नसलेल्यांतसुद्धा. म्हणून रिपोर्टआधी एक गोष्ट बघावी: आराम नुसतं उभं राहून पडतो, की त्यासाठी बसावं किंवा पुढे वाकावं लागतं?

पोटरीच्या गोळ्यामागे बहुधा मांडीतली धमनी अरुंद झालेली असते. बसल्याजागी पुरणारं रक्त चालताना पोटरीला पुरत नाही. चालणं थांबलं की स्नायूची मागणी उतरते, त्यामुळे जागच्या जागी उभं राहिलं तरी काही मिनिटांत दुखणं जातं. पुन्हा चाललं की साधारण तेवढ्याच अंतरावर परत येतं, चढावर त्याआधीच.

मणक्याचं गणित वेगळं. ताठ उभं राहिलं की कमरेतली नळी आणखी आवळते, वाकलं की सैल होते. त्यामुळे नुसतं उभं राहून भागत नाही. बसावं लागतं, निदान कठड्यावर रेलावं तरी लागतं. उतारावर त्रास वाढतो, कारण उतरताना कंबर मागे कलते. हीच माणसं हँडलवर वाकून सायकल मात्र खुशाल चालवतात. दुखणं कुल्ल्यापासून खाली उतरतं, सोबत मुंग्या आणि बधिरपणा असतो, आणि अंतर रोज वेगळं.

खात्रीसाठी घोट्याचं रक्तदाब-गुणोत्तर काढतात. आडवं झोपवून दोन्ही दंडांवर आणि घोट्यांवर पट्टा बांधून, डॉप्लरने वरचा दाब मोजायचा. समजा सिगारेट ओढणाऱ्या, अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांचा जास्त भरलेला दंडाचा दाब 140 आहे आणि दुखऱ्या पायाच्या घोट्याचा 98. भागाकार आला 0.70. तो 0.90 किंवा त्याखाली असला की पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. एमआरआय काहीही म्हणो, या गृहस्थांना उभं राहूनच आराम पडत असेल, तर आधी रक्तवाहिन्यांकडेच बघायला हवं. आकडा नॉर्मल आला पण लक्षणं धमनीचीच वाटत असतील, तर चालवून लगेच पुन्हा मोजतात. अडथळा असेल तर घोट्याचा दाब तेव्हा घसरतो.

मधुमेहात ही तपासणी फसवते. धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक झाल्या की पट्टा त्यांना दाबू शकत नाही आणि आकडा 1.40 च्या वर जातो. तो चांगला समजू नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.

दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. म्हणून मणक्याचं ऑपरेशन ठरण्याआधी पावलाच्या नाड्या हाताने तपासून घ्याव्यात: एक पावलाच्या पाठीवर, दुसरी आतल्या घोट्यामागे. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून घोट्यामागची जास्त भरवशाची.

रात्री पडल्यावर पाऊल ठणकून ते पलंगाखाली सोडावं लागत असेल किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनना लगेच दाखवा. लघवी अडली किंवा जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, तर मणक्यासाठी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.