कुटलेली गोळी

मासेमारीबंदी उठून पंधरवडाच झाला होता. १ ऑगस्टला होड्या पुन्हा पाण्यात गेल्या की आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर माणसाला आजारी पडायलाही सवड नसते. म्हणून एक तांडेल धंद्याच्या ऐन दिवसांत, बायकोच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दिसले, तेव्हाच काहीतरी गंभीर असणार असं वाटलं.

वय बावन्न. बरेच दिवस पोट बिघडलेलं, त्यात आज पहाटेपासून नऊ वेळा पाण्यासारखे जुलाब, दोन उलट्या. जीभ कोरडी, नाडी १०४, रक्तदाब ९८/६०. पावसाळ्यात असे रुग्ण रोज येतात आणि पहिला संशय पाण्यावरच जातो. घरच्यांनीही तोच घेतला होता. विहिरीत टीसीएल पावडर टाकून झाली होती, पाणी उकळून पीत होते, कुणीतरी दिलेल्या जंतुनाशक गोळ्यांचा कोर्सही झाला होता. तरी फरक नव्हता.

मला दोन गोष्टी खटकल्या. ताप नव्हता, शौचात रक्त किंवा आव नव्हती, पोट दाबल्यावर कुठे दुखत नव्हतं. आणि त्याच विहिरीचं पाणी पिणारी घरातली बाकीची पाच माणसं ठणठणीत होती. मी विचारलं, "या सगळ्या दिवसांत पोट कधी बरं होतं का?"

"होडयेर होतंय तेव्हा," ते म्हणाले. "पयल्या दिशी जरा त्रास झालो, दुसऱ्या दिशी कायच नाय."

होडीवर काय वेगळं होतं? जेवण तर तिथलंही भात-आमटीच. वहिनींनी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली तेव्हा उलगडा व्हायला लागला. बारा दिवसांपूर्वी एका शिबिरात तांडेलांची साखर वाढलेली निघाली होती, तीन महिन्यांची सरासरी ९.२. मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम, एसआर, सकाळ-संध्याकाळ, असं लिहून दिलेलं होतं. होडीवर गेले त्या दोन दिवसांत पाकीट घरीच राहिलं होतं.

मेटफॉर्मिन मी रोज लिहिते. चांगलं, स्वस्त, जुनं औषध आहे. पण ते पहिल्या दिवसापासून २००० मिलिग्रॅम सुरू करणं बऱ्याच पोटांना झेपत नाही. हे औषध रक्तात जितकं असतं त्याच्या कितीतरी पट आतड्याच्या भिंतीत साठतं. तिथे त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन गोष्टी होतात. आतड्यात सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तिथेच असतं. ते वाढलं की आतडं जोराने हलतं आणि मेंदूला मळमळीचा निरोप जातो. दुसरी गोष्ट पित्ताची. जेवण पचवायला यकृतातून आलेले पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जवळजवळ सगळे परत शोषले जातात. मेटफॉर्मिन हे शोषण कमी करतं. मग ते क्षार मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी ओढून घेतात आणि शौचाला पातळ होते. त्यात आतड्यातले जंतूही बदलतात. रोज थोडं थोडं औषध मिळालं तर बहुतेकांचं आतडं दोन-चार आठवड्यांत याला सरावतं.

इथवर कारण कळलं, पण नऊ जुलाब का, हे कळत नव्हतं. एसआर गोळी औषध हळूहळू सोडते. तिने त्रास कमी व्हायला हवा.

"गोळी कशी देता?" मी वहिनींना विचारलं.

त्या थोड्या अवघडल्या. "गोळी तशीच भायर पडा होती, बाय. पोटात विरघळाच नाय. मगे मी खलबत्त्यात कुटून पेजेतसून देवक लागलंय."

पहिले चार दिवस त्यांनी गोळी अख्खी दिली होती. तेव्हा मळमळ होती, दोन-तीनदा शौचाला पातळ व्हायची, तेवढंच. पाचव्या दिवशी शौचात पांढरा, फुगलेला गोळीच्या आकाराचा गोळा दिसला. औषध फुकट जातंय असं वाटून त्यांनी कुटायला सुरुवात केली. मासळीला मीठ लावताना सुद्धा वाया जाऊ न देणारी बाई ती, तिला दुसरं काय सुचणार? पहाटे चारला होडीवर निघायच्या आधी दोन घोट पेजेबरोबर ती पूड पोटात जायची. कित्येक तास हळूहळू झिरपायचं हजार मिलिग्रॅम औषध जवळजवळ रिकाम्या पोटी एकदम मोकळं व्हायचं.

मी सलाईन लावलं, गोळी थांबवली, मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून क्रिएटिनिन तपासायला पाठवलं. थांबवण्याचं कारण केवळ जुलाब नव्हतं. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीतून जातं. जुलाबांनी शरीर सुकलं की मूत्रपिंडं मंदावतात, औषध साठत जातं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. असं झालं तर श्वास जोरात चालतो, ग्लानी येते. त्यांचा श्वास शांत होता. क्रिएटिनिन मात्र वाढलेलं, १.६ आलं.

ओआरएस प्यायला मात्र ते तयार होईनात. "साखर आसा ना त्यात?" एक लिटर पाण्याच्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, तेच मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढून नेतं. त्याशिवाय नुसतं पाणी पिऊन भागत नाही. हे समजावताना मी समोर बसून पहिला पेला पाजला.

आणि सकाळीच एक स्टीलचा पेला पाण्याने भरून त्यांच्या पाकिटातली एक गोळी त्यात टाकून खाटेजवळ ठेवली.

दुपारी वहिनींनी विचारलं, की त्यांच्या भावालाही साखरेच्या गोळीने पोटात वारा धरतो, तो पण कुटतो की काय? तो चिठ्ठी घेऊन आला होता, म्हणून पाहिलं. त्याच्या तीन औषधांच्या एकत्र गोळीत व्होग्लिबोज होतं. ते वेगळं प्रकरण. ते भातातला स्टार्च लहान आतड्यात फुटू देत नाही. न पचलेला भात मोठ्या आतड्यात गेला की तिथले जंतू त्याचा वायू करतात. ताटभर भात खाणाऱ्या आमच्या माणसाला ते फार जाणवतं. त्याला भात निम्मा करायला सांगितला, आणि एक गोष्ट दोनदा सांगितली: चक्कर येऊन साखर उतरली तर साधी साखर लवकर लागू पडणार नाही, तीही फुटायला तेच विकर लागतं. खिशात ग्लुकोज पावडर ठेव.

संध्याकाळी सलाईन उतरलं, लघवी नीट झाली. पेल्यातली गोळी फुगून जेलीसारखी मऊ झाली होती, पण आकार तोच. तांडेल बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "हीच गे ती," ते बायकोला म्हणाले. वहिनींनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. पाणी कडूजहर झालं होतं.

"औषध पाण्यात उतरलं," मी म्हटलं. "बाहेर येतं ते हे रिकामं कवच."

आठवड्याने क्रिएटिनिन १.० झालं, तेव्हा पुन्हा सुरुवात केली. ५०० ची एकच एसआर गोळी, रात्री, निम्मा भात खाऊन झाल्यावर, अख्खी. होडीवर असले तर होडीवरच्या जेवणात. दोन आठवड्यांनी दोन गोळ्या केल्या, त्याच जेवणात. पहिले तीन दिवस थोडं मळमळलं, नंतर तेही गेलं. पाकीट आता डब्याबरोबर होडीवर जातं.