केरॅटिनचा धूर, बंद काचा आणि आमचं सलून

नाशिकला गंगापूर रोडवर माझं छोटं लेडीज सलून आहे. तीन खुर्च्या, एक शाम्पू स्टेशन, कामाला दोन मुली आणि मी. पुढे पूर्ण काच, आत स्प्लिट एसी. लग्नसराईत केस सरळ करायच्या केरॅटिनची कामं वाढली आणि दोघींपैकी स्नेहलचा खोकला काही जाईना. डॉक्टरांनी तिला पहिलं विचारलं ते हे, की सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं? सोमवारी आमचं बंद असतं. सोमवारी दुपारपर्यंत तिचा खोकला जवळजवळ थांबायचा आणि मंगळवारी संध्याकाळी पुन्हा सुरू व्हायचा. मग त्यांनी तिला श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं पीक फ्लो मीटर दिलं. प्लास्टिकच्या नळीत जोरात फुंकायचं, काटा जिथे थांबेल तो आकडा वहीत लिहायचा, दिवसातून चार वेळा, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीलाही. वही भरल्यावर सांगायला डॉक्टरांची गरजच नव्हती. सोमवारचे आकडे वर, केरॅटिनच्या दिवसांचे खाली. औषध त्यांनी दिलं, पण मला बोलावून म्हणाले, “ताई, गोळ्यांनी दबेल, दुकानातली हवा बदलल्याशिवाय जाणार नाही.”

आधी बाटली बघितली. पुढे मोठ्या अक्षरात ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’, मागे बारीक अक्षरांत मिथिलीन ग्लायकॉल. हे दुसरं-तिसरं काही नसून पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच आहे. २३० अंशांची प्रेसिंग मशीन केसांवरून फिरली की ते वायू होऊन बाहेर पडतं, आणि डोळे चुरचुरतात, घसा धरतो तो यानेच. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात टाकलंय. माल देणारा मुलगा लगेच दुसरी बाटली घेऊन आला, ग्लायॉक्सिलिक ॲसिडवाली. तीही तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडू शकते, शिवाय अशा ट्रीटमेंटनंतर किडनीला इजा झालेले पेशंट इस्रायल आणि फ्रान्सच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. म्हणजे बाटली बदलून सुटका नव्हती. फॉर्मल्डिहाइडवाली बंद केली, दुसरीची कामं कमी केली, आणि उरलेल्यासाठी हवेचं बघायचं ठरवलं.

इथे बहुतेक सलूनवाल्यांची समजूत असते की एसी चालू आहे म्हणजे हवा खेळते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि खोलीतच सोडतो. बाहेरून श्वासभर हवाही आत येत नाही. त्यात नाशिकची थंडी, डिसेंबरात दार जरा उघडं राहिलं की गिऱ्हाईक शाल ओढून म्हणतं, “अगं, दार लाव ना.”

दुकान १० फूट रुंद, १८ फूट लांब, उंची १० फूट. म्हणजे १८०० घनफूट, साधारण ५१ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर पंख्याने तासाला ५१० घनमीटर हवा बाहेर टाकायला हवी. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला असतो. पुढे पाइप, वळण, जाळी लागली की बराच पडतो. म्हणून भिंतीतला साधा एक्झॉस्ट न घेता पाइपाच्या मध्ये बसणारा इनलाइन पंखा घेतला, गरजेपेक्षा मोठा.

तरी सगळी खोली उपसणं हा दुय्यम उपाय. धूर केसातून निघतो तो आधी मुलीच्या नाकाजवळून वर जातो, आणि छताजवळचा पंखा त्याला तिच्या तोंडावरूनच ओढून नेतो! धूर जिथे निघतो तिथेच पकडायला हवा. सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याचं नरसाळं करून घेतलं, त्याला ६ इंची वाकणारा पाइप लावला आणि तो खुर्चीच्या बाजूला स्टँडवर बसवला. ओढीची खोड अशी, की तोंडापासून पाइपाच्या व्यासाएवढं अंतर गेलं की ती दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे नरसाळं हातभर लांब असेल तर ते नुसता आवाज करतं. आमच्याकडे ते केसांपासून वीतभर अंतरावर असतं, आणि बट बदलली की मुलगी डाव्या हाताने ते सरकवते. पहिले काही दिवस विसरायच्या, आता सवय झाली.

बाहेर कुठे सोडायचं यावरून घोळ झाला. मागची भिंत गल्लीत उघडते, आणि बरोबर वरती पहिल्या मजल्याचं स्वयंपाकघर. गाळामालक काकांनी भोक पाडू दिलं, पण वरच्या काकू पहिल्याच दिवशी खाली आल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग पाइप भिंतीलगत पुढे नेऊन, जिथे खिडकी नाही अशा कोपऱ्यात सोडला. जास्तीचं वळण आलं, ओढ थोडी कमी झाली, पण इलाज नव्हता.

सगळं बसवलं तरी डोळे चुरचुरतच होते. इलेक्ट्रिशियन म्हणाला पंखा ठीक आहे. मी उदबत्ती पेटवून नरसाळ्याजवळ धरली, तर धूर आळसावल्यासारखा वर जायचा. समोरचं दार वीतभर उघडलं आणि तोच धूर सरळ रेघेत आत गेला. जेवढी बाहेर जाणार तेवढी हवा आत यायला वाट नव्हती, एवढंच. दाराच्या वरच्या काचेच्या पट्टीत जाळीची झरोकेवजा जागा केली. तीही मागे, पंख्याशेजारी केली असती तर आलेली हवा खुर्चीपर्यंत न येताच परत गेली असती. पुढून येते, मुलीच्या पाठीवरून खुर्चीकडे जाते आणि मागे निघते. ती उदबत्ती आता आरशाखालीच असते. महिन्यातून एकदा लावून बघतो, कारण जाळीत केस अडकून ओढ हळूहळू मरते आणि नाकाला वासाची सवय झालेली असल्याने कळत नाही.

हायलाइटची ब्लीच पावडरही आता त्याच नरसाळ्यासमोर कालवतो. तिच्या बारीक धुळीतल्या परसल्फेटने दमा होतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं. आणि साधा मास्क किंवा एन-९५ वायू अडवत नाही. धूळ अडवेल, फॉर्मल्डिहाइड नाही.

याच डागडुजीत उभं राहण्याचंही बघितलं. माझ्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा आहेतच. चालण्यापेक्षा एका जागी खिळून उभं राहणं वाईट, कारण पोटरीचा स्नायू हलला तरच रक्त वर ढकललं जातं. जाड मॅट घेतली, छिद्रांची नको, त्यात केस बसतात. चाकांचं कटिंग स्टूलही आणलं, तर आठवडाभरात चाकांना केस गुंडाळून ते जाम झालं. आता रोज रात्री कात्रीच्या टोकाने काढतो. एक नेहमीची बाई म्हणाली, “बसून कापतेस? कंटाळा आला का गं?” केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला, हे मी तिला ऐकवलं. ती पुढच्या वेळी आली, म्हणजे चाललं असावं.

गिऱ्हाइकाची खुर्ची मात्र पंपाने वर-खाली करायला फुकटात जमतं, आणि कोपर खांद्याखाली राहतं. मुलींना सांगून सांगून दमले, घाईत पंप कोणी मारत नाही.

स्नेहलचे आकडे सुधारलेत, पण सोमवारइतके इतर दिवशी अजून नाहीत. म्हणून केरॅटिन ती करत नाही, मी करते, आणि सकाळची पहिली अपॉइंटमेंट तेवढीच देते. दुकानात बाकी कुणी नसतं आणि पंखा नंतरही तासभर चालू ठेवता येतो.