अण्णांचं ‘हाय’ आणि मोहोळला थांबलेली गाडी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी बिलिंग बघते. महिन्याची ११ तारीख म्हणजे आमच्याकडे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा रिटर्न, भरायची शेवटची तारीख. त्या दिवशी सकाळी सीए फोनवर, स्क्रीनवर एक्सेल, आणि मोबाईल शेजारी उघडाच. ११ वाजून गेल्यावर डिस्पॅचच्या अण्णांचा मेसेज चमकला: ‘हाय’.

लॉक स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ दिसते. तिथे काम दिसलं असतं, तर सीएला एक मिनिट थांबवून मी वाचलं असतं. ‘हाय’वरून काय कळणार? पगाराची उचल हवी, की संध्याकाळी लवकर जायचंय, की गोदामात आग लागलीये? फोन संपल्यावर मी ‘बोला अण्णा’ लिहिलं. तोवर अण्णा गाडी भरून घेत होते आणि त्यांचा मोबाईल चेकिंगच्या टेबलावर पडून होता.

दुपारी ट्रान्सपोर्टवाल्याने गाडी नंबर पाठवला. आदल्या दिवशीच्या पॅकिंग स्लिपवर भिवंडीच्या पार्टीचे १२० बॉक्स होते. त्याप्रमाणे ई-इन्व्हॉइस केलं, मालासोबत रस्त्यात लागणारं ई-वे बिल काढलं, आणि गाडी सुटली.

जेवणाच्या सुट्टीनंतर अण्णांचा दुसरा मेसेज आला: ‘आहात का मॅडम?’ मी ‘हो’ म्हटलं. मग ‘जेवण झालं का?’ तेही झालं. आणि मग एकदाचं कळलं: चार बॉक्समधल्या टॉवेलांची किनारीची शिलाई उसवलेली निघाली म्हणून ते काढून ठेवलेत, गाडीत ११६च गेलेत. सकाळी हेच सांगायचं होतं.

सकाळी कळलं असतं तर आकडा बदलायला अर्धा मिनिट लागला असता. आता गाडीत एक आकडा आणि कागदावर दुसरा. असा माल रस्त्यात तपासला गेला तर गाडी अडकू शकते. ई-वे बिल एकदा निघालं की त्यातली संख्या दुरुस्त होत नाही. वाहन नंबर बदलता येतो, बाकी चुकलं तर रद्दच करायचं. तेही २४ तासांच्या आत, आणि रस्त्यात अधिकाऱ्याने ते तपासलेलं नसेल तरच. म्हणून आधी ड्रायव्हरला फोन लावला. नशीब, तो मोहोळच्या अलीकडे धाब्यावर जेवत बसला होता. हलू नको म्हटलं.

मग उलटा प्रवास. ई-वे बिल चालू असेपर्यंत ई-इन्व्हॉइस रद्द होत नाही, म्हणून आधी ई-वे बिल, मग ई-इन्व्हॉइस. रद्द केलेला इन्व्हॉइस नंबर पुन्हा वापरता येत नाही, म्हणजे नवीन नंबर, नवीन बिल, नवीन ई-वे बिल, आणि पार्टीला ‘आधीचं धरू नका’ असा मेल. सगळं ड्रायव्हरच्या मोबाईलवर पोचेपर्यंत दुपार कलली होती. आणि इकडे रिटर्न तसाच अर्धा राहिलेला.

संध्याकाळी अण्णांकडे गेले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, त्यांना सुनवायचा प्रश्नच नव्हता. ते आपणहून म्हणाले, “कामात असाल म्हणून आधी विचारलं ओ मॅडम. एकदम काम सांगितलं तर बरं दिसतंय का?”

त्यांचंही खरंच आहे. अण्णा माझ्या टेबलापाशी आले की ‘काय म्हणता’ करतात, मी ‘बसा’ म्हणते, आणि पुढच्या क्षणी काम सुरू होतं. समोरासमोर नमस्काराला वेळ लागत नाही. मोबाईलवर मात्र ‘हाय’ला उत्तर आल्याशिवाय ते पुढे जात नाहीत, आणि माझं उत्तर येईपर्यंत ते मोबाईलपासून लांब गेलेले असतात. माझं ‘बोला’ही त्याच जातीचं, खरं तर.

मी म्हटलं, “अण्णा, नमस्कार करा की. पण त्याच मेसेजमध्ये पार्टी, काय बदललं, आणि कधीपर्यंत हवं, एवढं टाका. मी कामात असले तर नंतर वाचते, तुम्हाला थांबायला नको. आणि गाडी दारात असेल तर मेसेजच नको, सरळ फोन करा.”

“आणि उचल मागायची असली तर?” अण्णा हसले. तेही बरोबर. असल्या गोष्टी लॉक स्क्रीनवर चारचौघांत झळकायला नकोत. तेव्हा ‘घरचं काम आहे, घाई नाही, मोकळ्या झाल्यावर फोन करा’ एवढं पुरे. निदान गाडी अडलेली नाही हे तरी मला कळतं.

परवा त्यांचा मेसेज आला: ‘नमस्कार मॅडम. सुरतची पार्टी, ८० ऐवजी ७८ बॉक्स, बिल ४ च्या आत पाहिजे.’ मी ७८ टाकून बिल काढलं. उत्तरात फक्त अंगठा दाखवला.