भरलेली मज्जा आणि उतरलेले रक्त

निफाड तालुक्यातले एक्काहत्तर वर्षांचे कांदा उत्पादक शेतकरी माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत सहा महिन्यांचे सीबीसीचे अहवाल होते आणि प्रत्येक अहवालात हिमोग्लोबिन आधीपेक्षा थोडे खाली होते. शेवटचा आकडा ७.६ होता. पांढऱ्या पेशी ३,४००, त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल साधारण १,५०० आणि प्लेटलेट ९२ हजार होत्या. लाल पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, १०९ होते. १०० च्या वर ते सहसा जात नाही.

काका माळकरी, पूर्ण शाकाहारी. दारूचा प्रश्नच नव्हता. शाकाहारी माणसाच्या लाल पेशी अशा मोठ्या दिसल्या की पहिला संशय बी-१२ च्या कमतरतेवर जातो आणि तो योग्यच असतो. गावच्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शने आणि फॉलिक ॲसिड दिले होते. त्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते, कारण बी-१२ च्या अभावाने मज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या पोकळीत जिथे रक्त तयार होते तिथल्या, पेशी इतक्या वेड्यावाकड्या दिसू शकतात की त्या पुढे सांगतो त्या आजाराच्याच वाटाव्यात. परंतु खरोखरच जीवनसत्त्वाची उणीव असती तर इंजेक्शननंतर आठवडाभरात नव्या लाल पेशींची, म्हणजे रेटिक्युलोसाइटची, संख्या उसळली असती आणि दोन महिन्यांत हिमोग्लोबिन सावरले असते. येथे दोन्ही घडले नव्हते. मध्यंतरी रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या होत्या. थायरॉइड, यकृत आणि एचआयव्ही या तपासण्यांतही काही सापडले नाही, म्हणून मज्जेची तपासणी करण्याचे ठरले.

कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून, मज्जेचा द्रव आणि हाडाचा बारीक तुकडा घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा पेशींनी खच्चून भरलेला होता. या वयात मज्जेची बरीचशी जागा चरबीने व्यापलेली असते. येथे चरबी जेमतेम दिसत होती. लाल पेशींच्या पूर्वज पेशींमध्ये कुठे दोन केंद्रके होती, तर कुठे केंद्रकाची कडा फुटल्यासारखी दिसत होती. प्लेटलेट तयार करणाऱ्या एरवी अवाढव्य असणाऱ्या पेशी खुज्या आणि एकाच केंद्रकाच्या होत्या. ब्लास्ट, म्हणजे अगदी अपरिपक्व पेशी, २ टक्के होत्या आणि गुणसूत्रे सर्वसाधारण होती. निदान झाले: मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, आम्ही ज्याला एमडीएस म्हणतो.

अहवाल सांगायच्या दिवशी मुलगा आधी एकटाच आत आला. “साहेब, अण्णांसमोर कॅन्सर शब्द काढू नका,” असे त्याने हात जोडून सांगितले. अशी विनंती मला बहुतेक आठवड्यांत कोणी ना कोणी करते आणि तिच्यामागची माया मला कळते. पण ज्या आजारात ताप आल्यावर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते, त्या आजाराबद्दल रुग्णालाच अंधारात ठेवणे मला धोक्याचे वाटते. मी एवढेच कबूल केले की ते जे विचारतील त्याचे खरे उत्तर देईन आणि विचारणार नाहीत ते त्यांच्यावर लादणार नाही.

काकांचा पहिला प्रश्न मात्र कॅन्सरचा नव्हता. “मज्जा भरलेली आहे म्हणता, मग रक्त कमी कसं?” असे त्यांनी विचारले. या आजाराचे मर्म याच प्रश्नात आहे. मी सांगितले की मज्जेतल्या एका मूळ पेशीच्या जनुकांत वाढत्या वयात बिघाड होतो, हळूहळू तिचीच पिलावळ मज्जा व्यापते, पेशी पुष्कळ निपजतात, पण त्यांची वाढ सदोष असल्याने बहुतेक पेशी रक्तात उतरण्यापूर्वी मज्जेतच मरतात. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे रोप दाट उगवतंय, पण वाफ्यातच मरतंय. लावणीला काही येत नाही.” मी त्यात एवढीच भर घातली की जी थोडी रोपे लावणीपर्यंत येतात तीही पूर्ण जोमाची नसतात. न्यूट्रोफिलचा आकडा बरा दिसला तरी त्या जंतूंशी नीट लढतीलच असे नाही, आणि ९२ हजार प्लेटलेट असूनही जखमेतून जास्त वेळ रक्त येऊ शकते. म्हणून १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर घरी गोळी घेऊन वाट पाहायची नाही आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक आणायचे नाही, हे मी दोनदा बजावले.

मग त्यांनी विचारलेच, “हा ब्लडकॅन्सर आहे का?” मुलाने मान खाली घातली. मी म्हणालो की होय, या आजाराची गणना रक्ताच्या कर्करोगांतच होते; पण लोक ज्याला ब्लडकॅन्सर म्हणून घाबरतात तो तीव्र ल्युकेमिया आज तुम्हाला नाही. तसे म्हणण्यासाठी ब्लास्ट पेशी साधारणपणे २० टक्क्यांवर जाव्या लागतात, तुमच्या २ आहेत.

धोका किती, हे सांगण्यासाठी आम्ही आयपीएसएस-आर ही गुणपद्धती वापरतो. त्यांच्या सर्वसाधारण गुणसूत्रांचा १ गुण, हिमोग्लोबिन ८ च्या खाली असल्याचा दीड, प्लेटलेट एक लाखाच्या आत असल्याचा अर्धा, आणि ब्लास्ट व न्यूट्रोफिल यांचा शून्य, असे एकूण ३ गुण झाले. हा कमी धोक्याचा गट असला तरी काका त्याच्या वरच्या काठावर होते. या गटातल्या चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत ल्युकेमिया होईपर्यंत सुमारे अकरा वर्षे जातात. सर्वाधिक धोक्याच्या गटात तेवढ्यांनाच तो नऊ महिन्यांच्या आत गाठतो. ही गटाची सरासरी आहे, एका माणसाचे भविष्य नव्हे, हेही मी सांगितले. शिवाय या गुणांत जनुकांतले बारीक बदल धरलेले नसतात. टीपी५३ सारख्या जनुकात दोष निघाला तर चित्र पालटू शकते. ती तपासणी महाग आहे. कुटुंबाने विचार करून ती करून घेतली आणि त्या जनुकात दोष आढळला नाही.

“आयुष्यभर फवारण्या केल्या, त्यानं झालं का?” हा त्यांचा शेवटचा प्रश्न मुलाला बोचला, कारण आता फवारणी तोच करतो. कीटकनाशके, बेंझीन, पूर्वी घेतलेली केमोथेरपी किंवा रेडिएशन यांचा या आजाराशी संबंध आढळलेला आहे. पण एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत बोट ठेवून सांगता येत नाही आणि बहुतेकांत वयाखेरीज कारण सापडत नाही. मुलाने हातमोजे आणि मास्क वापरावा, एवढे मी आवर्जून सांगितले.

आजार मुळापासून बरा करणारा उपाय म्हणजे दात्याच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण. पण या वयात त्याची जोखीम मोठी असते आणि कमी धोक्याच्या गटात ती लगेच पत्करण्याचे कारण नव्हते. लाल पेशी तयार करायला मज्जेला चालना देणारे संप्रेरक, एरिथ्रोपोएटिन, त्यांच्या रक्तात १२० होते. ते ५०० च्या आत असले आणि रक्त क्वचितच चढवावे लागत असले, तर त्याच संप्रेरकाची इंजेक्शने लागू पडण्याची शक्यता चांगली असते, म्हणून आठवड्याला ४०,००० युनिट सुरू केली. ही इंजेक्शने मूळ दोष काढत नाहीत. ती लागू पडली नाहीत तर रक्त चढवत राहावे लागते आणि प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात दोन-अडीचशे मिलिग्रॅम लोह साचत जाते.

कोणत्या खुणांवर पुन्हा मज्जा तपासायची, हे मुलाने वहीत लिहून घेतले: प्लेटलेट भराभर घसरणे, पांढऱ्या पेशी अचानक वाढणे किंवा कोसळणे, रक्ताच्या काचपट्टीवर ब्लास्ट दिसणे, किंवा रक्त चढवण्याची गरज वाढत जाणे. दहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.४ झाले होते आणि मधल्या काळात एकही पिशवी लागली नव्हती. प्लेटलेट ८८ हजारांवर होत्या. या इंजेक्शनाने त्या वाढतील अशी अपेक्षाच नव्हती, म्हणून काकांना तेच औषध चालू ठेवून महिन्याने सीबीसी घेऊन यायला सांगितले.