सहा हजारांची टाकी

गेल्या रविवारी दुपारी केळशीहून बाबांचा फोन आला आणि "चार्जिंग संपतंय, ठेवतो" एवढ्यावरच संपला. त्यांचा फोन चार वर्षांचा झाला असल्यामुळे मी लगेच नवीन शोधू लागलो. थोड्याच वेळात दोन उमेदवार उरले: एक स्वस्त, पण ६००० एमएएचच्या बॅटरीचा आणि दुसरा जवळजवळ दुप्पट किमतीचा, ५००० एमएएचचा, पण चांगल्या कॅमेऱ्याचा.

मन अर्थातच बॅटरीकडे झुकले, कारण आमचे घर साठवणीचे आहे. लहानपणी विजेरीचे सेल मंदावले की बाबा ते काढून अंगणात आमसुलांच्या शेजारी उन्हात ठेवत आणि संध्याकाळी त्याच सेलांवर विजेरी आणखी दोन-तीन रात्री मिणमिणत असे. (आजच्या लिथियमच्या बॅटरीला उन्हाचे असे लाड मुळीच चालत नाहीत, हे त्यांना सांगून झाले आहे.) शिवाय ३ जून २०२०चे निसर्ग चक्रीवादळ आठवत होते. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. मात्र त्या वेळी मनोरेच बंद पडले होते आणि भरलेल्या फोनवरूनही कोणाला बोलता येत नव्हते, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

तरी पैसे भरण्याआधी एक प्रयोग करायला सांगितला. पहिल्या रात्री बाबांनी फोन नेहमीच्या जागी, माजघरातल्या फडताळावर ठेवला. रात्री दहा वाजता ८० टक्के असलेला फोन सकाळी सहाला ५८वर आला होता. दुसऱ्या रात्री तोच फोन पडवीच्या खिडकीत ठेवला, तर तेवढ्याच तासांत ८०चे ७३ झाले. दोन्ही आकडे त्यांनी दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाखाली, लिहून ठेवले आहेत. आमच्या माजघराच्या भिंती जाड चिऱ्याच्या आहेत. तिथे रेंज क्षीण होते, ती पुन:पुन्हा शोधत फोन मनोऱ्याशी चढ्या आवाजात बोलत राहतो आणि कोणी हात न लावताही बॅटरी खर्च होते. म्हणजे त्या फडताळावर सहा हजारांची टाकीदेखील गळतच राहिली असती.

टाकीवरून नळ आठवला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज येते ती कधीकधी तासाभराच्या पाहुणीसारखी. स्वस्त फोनासोबतचा चार्जर १० वॅटचा होता. एवढ्या बारीक धारेने ६००० एमएएचची बॅटरी तासाभरात तिसऱ्या हिश्शाहून जेमतेम थोडी अधिक भरते, तर ३३ वॅटने भरणारा दुसरा फोन तेवढ्याच वेळात बहुतेक भरून जातो. अट एवढीच की चार्जर त्या फोनाशी जुळणारा हवा. घरात पडलेला कोणताही जोडला, तर धार पुन्हा बारीक होते. मोठ्या बॅटरीच्या जाहिरातीत टाकीचा आकार ठळक अक्षरांत छापतात. नळाचा मात्र शोधावा लागतो.

राहिला कॅमेरा. बाबा सूर्यास्ताचे फोटो काढत नाहीत. समुद्र तिथेच आहे, त्याचा फोटो कशाला, असे ते म्हणतात. ते मला विजेचे बिल, हापूसच्या मोहोरावरचे तुडतुडे आणि औषधांच्या पट्ट्या पाठवतात. भर उन्हात कोणताही कॅमेरा मोहोर नीट टिपतो. अडते ते संध्याकाळी, चाळीस वॅटच्या पिवळ्या दिव्याखाली, कारण प्रकाश कमी असला की कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो आणि तेवढ्यात हात हलला की अक्षरे फासटली जातात. इथे मेगापिक्सलचा आकडा काही करत नाही. महाग फोनात भिंग स्वतःच हाताच्या उलट दिशेला सरकून कंप सावरते. त्याला ओआयएस म्हणतात. अशा कॅमेऱ्यालाही फार जवळ जाऊन चालत नाही, पट्टी वीतभर लांब धरून झूम करावी लागते. पण तेवढे बाबांना शिकवता आले असते.

त्यामुळे माझे मत महाग फोनाकडे वळले. खात्री म्हणून मी बाबांचे जुने फोटो चाळू लागलो. रक्तदाबाच्या गोळ्यांची तीच पट्टी, तोच दिवा, तोच फोन. गेल्या वर्षीच्या फोटोत गोळीचे नाव आणि खालची बारीक तारीखही वाचता येते. दिवाळीनंतरच्या फोटोत तारीख पुसट झाली आहे. या महिन्याच्या तिन्ही फोटोंत नाव दुहेरी दिसते. भिंगावर डाग असेल म्हणावे, तर दुपारचे फोटो स्वच्छ आहेत.

फोन अजून मागवलेला नाही. दापोलीच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे आणि ते तिन्ही फोटो सोबत नेणार आहे.