‘आपण मॅक वापरत आहात’: एका वाक्यासाठी तीन आठवडे

शाळांची फी ऑनलाइन भरून घेणाऱ्या एका कंपनीत मी पालकांच्या ईमेलना उत्तरं देते. काम शिकायला आठवडा पुरला. अडकले ते आमची उत्तरं तपासून गुण देण्याच्या तक्त्यातल्या एका रकान्यात: ‘ग्राहकाच्या उपकरणाचा उल्लेख केला का?’ पाच गुण. उल्लेख म्हणजे उत्तराची सुरुवातच अशी करायची, “आमच्या नोंदीनुसार आपण अमुक वापरत आहात.”

सुरुवातीला मी ते निमूटपणे लिहायचे. मग एका निवृत्त शिक्षिकांचा ईमेल आला. नातवाच्या फीची पावती छापता येत नव्हती. माझ्या पडद्यावर त्यांच्या ब्राउझरची ओळख अशी दिसत होती:

```
Mozilla/5.0 (Macintosh; Intel Mac OS X 10_15_7)
```

मी लिहिलं, “आपण मॅक संगणक वापरत आहात असे दिसते. Command आणि P एकदम दाबा.” दहा मिनिटांत उत्तर: “माझ्याकडे संगणकच नाही. आणि माझ्या घरात काय आहे हे तुम्हाला कोण सांगतं?”

बाईंकडे आयपॅड होता. २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आलं, तेव्हापासून बऱ्याच आयपॅडवरची सफारी वेबसाइटला आपली ओळख मॅक म्हणूनच देते. मोबाइलसाठीचं आखूड पान न येता पूर्ण पान यावं, हा हेतू. विंडोजचंही तेच: १० असो वा ११, या ओळीत `Windows NT 10.0` एवढंच येतं. म्हणजे ज्याला आमचा तक्ता ‘नोंद’ म्हणत होता तो निव्वळ अंदाज होता. चुकला तर आम्ही अडाणी दिसणार, बरोबर आला तर पाळत ठेवल्यासारखे.

दुसरं उत्तर मी असं लिहिलं: “पावती उघडल्यावर वरच्या बाजूला चौकोनातून बाहेर येणारा बाण दिसेल. तो दाबा. येणाऱ्या यादीत खाली जाऊन Print निवडा. त्या यादीत Print नसेल, तर पडद्याच्या अगदी वर File हा शब्द असेल, त्यात Print मिळेल.” पहिली वाट आयपॅडची, दुसरी मॅकची. यंत्राचं नाव कुठेच नाही. अंदाज वापरला तो फक्त कुठली वाट आधी सांगायची एवढं ठरवायला. बाईंचं उत्तर आलं, “छापली.”

या उत्तराला तपासणीत पाचपैकी शून्य. पुढच्यालाही शून्य. तीन आठवडे माझं एकही उत्तर त्या रकान्यात पास झालं नाही, आणि शेरा दर वेळी तोच: “वैयक्तिक स्पर्श नाही.” मी तीन ईमेल पाठवून कारण सांगितलं. “प्रक्रिया बघा,” असं एका ओळीचं उत्तर आलं. प्रक्रिया म्हणजे तोच तक्ता! माझा महिन्याचा बोनस त्या पाच गुणांवर अडला होता, त्यामुळे मी काही शांतपणे वागले असं म्हणणार नाही.

शेवटी ईमेल सोडले आणि तपासणाऱ्या मॅडमच्या टेबलापाशी गेले. “मॅडम, तुमच्या आयपॅडवरून आपल्याच साइटवर एक तक्रार टाका ना.” त्यांनी टाकली. माझ्या पडद्यावर आलं: मॅक. त्या दोन मिनिटं गप्प होत्या. पुढच्या सोमवारी रकान्यात ‘लागू नाही’ हा पर्याय आला. रकाना मात्र अजून आहे.

यंत्राचं नाव न घेता उत्तर लिहून बघणार असाल तर क्रियापदं जपा. ‘बोट टेकवा’ म्हटलं की फोन उघड होतो, ‘क्लिक करा’ म्हटलं की माउस. मराठीत ‘दाबा’ दोन्हीकडे चालतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आणि पहिल्याच पायरीत अशी खूण द्या, की ती दिसली नाही तर ग्राहकाला लगेच कळेल. चौथ्या पायरीला कळलं तर तो चिडलेलाच असतो.

माझा अंदाज मी तक्रारीच्या अंतर्गत टिपेत लिहिते: “बहुधा आयपॅड, खात्री नाही.” पाठवण्याआधी खिडकी टिपेची आहे की उत्तराची, ते दोनदा बघा. माझी टीप एकदा थेट एका पालकांना गेली आहे.

जिथे चूक महागात पडेल, उदाहरणार्थ ॲप काढून पुन्हा टाकायला सांगायचं असेल, तिथे अंदाज नकोच. “हे फोनवर करताय की संगणकावर?” असं सरळ विचारावं. आणि कोणी विचारलंच की तुम्हाला कसं कळलं, तर लपवू नये. त्या शिक्षिकांना मी नंतर लिहिलं की ब्राउझर प्रत्येक साइटला अशी एक ओळ आपणहून पाठवतो, आणि ती वाचून मी चुकीचा तर्क केला. त्यांनी परत एवढंच विचारलं, पावती रंगीत छापायची की काळी चालेल.